तोंडल्या-बोंडल्यात भेटू

आळंदी ते पुणे

सुमन तुकोबांच्या पालखीत आणि मी माऊलींच्या. ठरवताना फोनवर हे फार सोपं वाटलं होतं. दोन्ही पालख्या एकाच दिवशी पुण्यात येतात, दोन रात्री तिथेच मुक्काम करतात, मग भेट काय, चालता चालता होईल.

आम्ही डी.एड.ला साताऱ्यात एका खोलीत राहिलो. पुढे ती लग्न होऊन परभणीकडे गेली आणि मी कराडलाच नोकरीला लागले. तिच्या लग्नाच्या आठवड्यात माझी नेमणुकीची ऑर्डर आली. माझ्या मुलीच्या बारशाला तिची बदली निघाली. पुढे जनगणना, निवडणुकीची कामं, सासूबाईंचं आजारपण. दर दिवाळीला फोनवर "मे महिन्यात नक्की" आणि मे महिन्यात "दिवाळीत बघू". २०२० मध्ये दोघींनी वारीचं पक्कं केलं, तर कोरोना आला आणि पादुकाच एसटीने पंढरपूरला गेल्या. आम्ही घरी बसून टीव्हीवर ती सजवलेली बस पाहिली. आता दोघी निवृत्त. रजेचा अर्ज नाही, मुख्याध्यापक नाहीत. सबब उरली नव्हती.

प्रस्थानाची रात्र आजोळघरी काढून माऊली पुण्याकडे निघाले. आमची दिंडी रथामागची. वारीत पत्ता हाच असतो, रथापुढे की रथामागे आणि दिंडीचा नंबर. नाव, गाव नंतर. भिशी म्हणजे जेवणा-मुक्कामाची वर्गणी भरली की तुमचं सामान ट्रकमध्ये जातं, ट्रक पुढच्या तळावर जाऊन तंबू ठोकतो आणि तुम्ही फक्त चालायचं. माझा नंबर मी सुमनला आठवडाभर आधी कळवला होता. तिने तिचा कळवला, पण तो लिहिलेला कागद घरच्या फ्रिजवरच राहिला असणार, असं दिघीच्या अलीकडे लक्षात आलं. म्हटलं, फोन आहे की.

पुणे

माऊलींचा मुक्काम भवानी पेठेत, पालखी विठोबापाशी. तुकोबांचा नाना पेठेत, निवडुंगा विठोबापाशी. दोन पेठा एकमेकींना लागून. एरवी भाजी आणायला जावं एवढं अंतर.

पण पालख्या तिथे उतरतात, दिंड्या नाही. दिंड्या शहरभर पांगतात. शाळा, मंगल कार्यालयं, तालमी, ओळखीच्यांची घरं, जिथे वर्षानुवर्षांची जागा ठरलेली असेल तिथे. आमची दिंडी एका शाळेत होती. सुमन निघाली भाचीकडे सिंहगड रस्त्याला, गरम पाण्याने न्हायला. दुसऱ्या दिवशी येते म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन, "कुंदे, रिक्षावाला म्हणतो पेठांमधले रस्ते बंद आहेत. तू असं कर, उद्या हडपसरला थांब. दोन्ही पालख्या तिथूनच जातात."

ते खरं आहे. हडपसरपर्यंत दोघांची वाट एक. गाडीतळाला फाटा फुटतो. तुकोबा सरळ सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जातात, माऊली उजवीकडे सासवडला.

पुणे ते सासवड

या दिवशी योगिनी एकादशी असते, आणि वारीतली सगळ्यात लांब चालही याच दिवशी. पोटात शेंगदाण्याचा लाडू, केळं आणि चहा. पहाटे अंधारात निघालो. शिंदे छत्रीपाशी माऊलींची आरती झाली आणि ऊन वर यायच्या आत हडपसर गाठलं.

गाडीतळाला मी थांबले. म्हणजे थांबायचा प्रयत्न केला. वारीत उभं राहणं हे चालण्यापेक्षा अवघड काम आहे, हे तिथे कळलं. मागून येणारी दिंडी तुम्हाला ढकलत नाही, नुसती येत राहते. टाळकऱ्यांची रांग, मग तुळशीवाल्या, हंडेवाल्या, वीणेकरी, की लगेच पुढच्या दिंडीचा झेंडा. मी एका रसवंतीच्या पायरीवर चढले. फोन लागेना. लागला तेव्हा नुसते टाळ ऐकू आले, आणि मधूनच सुमन ओरडत होती, "पुलाखाली! पुलाखाली आहे मी!" उड्डाणपूल केवढा, त्याच्या खाली माणसं किती!

आमच्या दिंडीतल्या आजी मला ओढायला आल्या. "चला बाई, घाट चढायचाय. दिंडी सुटली तर सासवडात तंबू सापडणार नाही." रथामागच्या दिंड्यांत हे फार खरं आहे. आपली जागा सुटली की पुढचे मैलभर सगळे झेंडे भगवे आणि सगळ्या साड्या नऊवारी.

फाट्यावरून वळताना मनात आलं, मुळात ही पालखी एकच होती. १६८५ मध्ये तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत घेतल्या, आळंदीला येऊन माऊलींच्या पादुका त्यात ठेवल्या आणि दोघांना एका पालखीतून पंढरीला नेलं. बरीच वर्षं ते तसंच चाललं. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माऊलींचा सोहळा वेगळा काढला. हैबतबाबांचे उपकार थोर आहेत, आजची शिस्त त्यांचीच. पण त्या सकाळी मला त्यांचा थोडा राग आला, हे खरं.

दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. घाट वळणावळणाने चढतो. वरच्या वळणावरून खाली पाहिलं की रस्ता दिसतच नाही, पांढऱ्या टोप्या दिसतात. माझ्या डाव्या टाचेला तिथेच काहीतरी चुरचुरलं. नवीन चप्पल. दुर्लक्ष केलं.

सासवड, जेजुरी, वाल्हे

सासवडचा दुसरा दिवस विश्रांतीचा. सोपानकाकांची समाधी इथे. माऊली गावात असतानाच द्वादशीला धाकट्या भावाची पालखी इथून वेगळ्या वाटेने पंढरीला निघते. भावांची भेट मग पुढे, पंढरपूर जवळ आल्यावर. म्हणजे चुकामुकीची परंपरा फार वरपासून आहे, असं मी सुमनला सांगितलं. ती यवतला होती, पिठलं-भाकरी खात. यवतला तुकोबांच्या वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचा बेत असतो आणि तिने त्याचं इतकं वर्णन केलं की भेटीचं बोलायचं राहूनच गेलं.

जेजुरीला भंडारा. अंगावरच्या साडीचा मूळ रंग पंढरपूरपर्यंत परत दिसला नाही.

इथल्या समाजआरतीविषयी मात्र सांगायला हवं. संध्याकाळी पालखी तळावर येते, दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंच करतात आणि होऽऽ अशी हाक देतात. एका क्षणात लाख माणसं गप्प. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तीच टाळ वाजवत राहते. रस्त्यात कुणी मध्ये घुसलं, पाण्याचा टँकर आला नाही, असं काही. सगळीकडे शांतता आणि एका कोपऱ्यातच टाळ, म्हणजे तक्रार कुठून आहे ते शोधावं लागत नाही. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, टाळ थांबतात. मग हरवलं-सापडलं. कुणाचा चष्मा, कुणाची पिशवी, कुणाचे पैसे. सापडलेले पैसे लोक खरंच आणून देतात. नंतर उद्या निघायची वेळ आणि आरती. तीस वर्षं शाळेत परिपाठ घेतला, चारशे पोरं मला कधी अशी गप्प करता आली नाहीत.

वाल्ह्याला माझ्या टाचेवर बोराएवढा फोड होता. दिंडीतल्या बायकांनी त्यांचा उपाय केला. सुईत दोरा ओवून फोडाच्या आरपार काढायचा आणि दोरा आतच ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपून जातं. आराम पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी चालले तेव्हा दोरा आहे हेसुद्धा विसरले.

लोणंद

नीरेच्या पात्रात माऊलींच्या पादुकांना स्नान झालं आणि आम्ही सातारा जिल्ह्यात आलो. माझा जिल्हा म्हणून मी उगाच ताठ चालले.

लोणंदचा मुक्काम तिथीवर ठरतो. तिथीची वाढ असेल तर एक दिवस जास्त, क्षय असेल तर कमी. त्यामुळे तारखेने ठरवलेलं काही वारीत टिकत नाही. सुमनने घरून निघताना कॅलेंडर पाहून हिशेब केला होता, "तू लोणंदला असशील त्या दिवशी मी बारामतीत. नीरेवरून एसटी आहे. सकाळी येते, संध्याकाळी परत." हिशेब एका दिवसाने हलला. मी लोणंदला मोकळी होते त्या दिवशी तिची पालखी बारामतीहून सणसरला निघाली होती.

"मग चाल सोड एक दिवस," मी म्हटलं.

"आज काटेवाडी आहे कुंदे. मेंढ्यांचं रिंगण! परटांनी घातलेल्या धोतरांच्या पायघड्यांवरून पालखी जाणार, मग मेंढ्या पालखीभोवती पळणार. ते चुकवून तुझं तोंड बघायला येऊ होय?"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. पण तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. मग दोघींनी शेवटचं ठरवलं, तोंडले-बोंडले. वेळापूरहून माऊली आणि बोरगावहून तुकोबा, दोघेही एकाच दिवशी या जोडगावातून जातात. तिथे ओढा आहे, दुपारचा विसावा आहे. झाडाखाली बसून डबा खायचा. तोंडल्या-बोंडल्यात भेटू, हे पुढे आमच्या फोनचं शेवटचं वाक्यच झालं.

लोणंद ते नातेपुते

चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या राहतात आणि मधल्या वाटेने अश्व धावत जातो. स्वाराचा एक आणि माऊलींचा एक. माऊलींच्या अश्वावर कुणी बसत नाही. आम्ही त्याच्या टापांची माती कपाळाला लावली. तरडगाव, फलटण, बरड ही गावं मला नीट आठवत नाहीत. टाच आठवते. फलटणला ती गरम लागत होती, बरडला लाली घोट्यापर्यंत चढली होती. धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागला, लोक फुलं उधळत होते आणि मी पाय टाकताना दात आवळत होते. नातेपुत्याला रात्री थंडी वाजून आली.

महाराजांनी सकाळी पाय पाहिला. "बाई, आज ट्रकमध्ये बसा. हट्ट केला तर वाखरीला खांद्यावरून न्यावं लागेल."

माळशिरसची चाल, अकलूजचा दिवस

म्हणजे सदाशिवनगरचं गोल रिंगण चुकलं. माऊलींच्या वाटेवरचं हे पहिलं गोल रिंगण. मैदानात झेंडेकरी पळतात, तुळशीवाल्या पळतात, वीणेकरी पळतात, मग अश्व. गेल्या जन्मापासून ते बघायचं होतं असं वाटण्याइतकं मी त्याविषयी ऐकलं होतं. आणि मी बसले होते ट्रकच्या केबिनमध्ये, गॅसच्या रिकाम्या टाक्यांची यादी हातात घेऊन.

ट्रकवाल्या दादांना माळशिरसला तंबू उतरवून अकलूजला जायचं होतं. टाक्या बदलायच्या होत्या, ट्रॉलीचा हूक जोडून घ्यायचा होता. "तिथं डॉक्टर मोठे. शिवाय आज तुकोबा अकलुजात, म्हणजे फुकटचे दवाखाने पन्नास. चला."

तुकोबा अकलुजात. हे ऐकून माझ्या मनात पहिलं आलं ते गर्दीचं. सुमन दुसरी आली. फोन आदल्या रात्रीच मेला होता आणि तळावर चार्जिंगच्या बोर्डाला इतक्या वायरी लोंबत होत्या की मी नाद सोडला होता. तिचा दिंडी नंबर कराडच्या फ्रिजवर. अकलुजात लाखभर माणसं. शोधायचं कुणाला! दोन दिवसांनी तोंडल्या-बोंडल्यात भेटायचंच होतं.

दादांनी मला एका मांडवाशी सोडलं. कॉलेजची मुलं-मुली आणि दोन डॉक्टर, समोर सतरंजीवर ओळीने पाय. माणसं वर बघत नव्हतीच, मुलंही पायच बघत पुढे सरकत होती. माझ्या पायातला दोरा बघून त्या मुलीने कपाळावर हात मारला. मग समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. दोऱ्याने पाणी बाहेर जातं तशी रस्त्याची घाण आत येते. फोड छोटा असेल तर फोडायचाच नाही. मोठा असेल तर स्वच्छ सुईने कडेला टोचून पाणी काढायचं, वरची कातडी सोलायची नाही, तीच खालच्या कोवळ्या जागेचं झाकण. लाली फोडाच्या बाहेर पसरली, पाय गरम लागला, वास आला किंवा ताप आला, तर घरगुती उपाय बंद. "साखर आहे का आजी?" नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. साखरवाल्यांना फोड दुखतच नाही, ते तसेच चालत राहतात आणि मग बोटावर बेतते.

ती ड्रेसिंग करत असताना दोन ओळी पलीकडे एक बाई डॉक्टरशी भांडत होती.

"अहो, तिला सत्तर वर्षं झाली, तिला काय कळतंय पाण्यासोबत की जेवणानंतर! कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. सकाळ, दुपार, संध्याकाळ. सूर्याचं चित्र काढा!"

चेहरा काही ओळखीचा नव्हता. पांढरे केस, जाड चष्मा, उन्हाने काळी पडलेली. पण हा आवाज मी वर्षानुवर्षं कानाला लावून ऐकलेला. आणि सूर्याचं चित्र! पहिलीच्या तक्त्यावर सूर्य काढायची तिला फार खोड होती. पाठ-नियोजनात सुद्धा काढायची.

"सुमे," मी म्हटलं.

ती वळली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे, मग परत माझ्याकडे. "तू आज कशी काय इथं? आपलं तर परवा ठरलंय!"

मी हसायला लागले. मांडी घालून बसलेली, एक पाय त्या पोरीच्या हातात, उठता येईना. सुमनच सतरंजीवर वाकून आली आणि वारीच्या रिवाजाप्रमाणे आधी माझ्या पायांना हात लावला. मी तिच्या. बँडेज बांधणारी पोरगी म्हणाली, "आजी, पाय हलवू नका."

मग काय काय बोललो ते सांगण्यासारखं नाही, कारण बोललो ते सगळं बारीकसारीक. तिचे यजमान गेले तेव्हा मी फोनवर जे बोलले होते, ते तिने शब्दशः लक्षात ठेवलं होतं. मला ते आठवत नव्हतं. तिने विचारलं, खोलीतला तो स्टोव्ह शेवटी कुणी नेला? मी नेला होता. तिला वाटत होतं चोरीला गेला. मध्ये बराच वेळ काहीच बोललो नाही. तिच्या दिंडीतल्या त्या सत्तरीच्या आजी आम्हा दोघींच्या मध्ये बसून लिमलेटच्या गोळ्या वाटत होत्या.

लांबून टाळांचा आणि लोकांच्या ओरडण्याचा आवाज आला.

"रिंगण," सुमन म्हणाली. "आमचं रिंगण चाललंय."

"मग जा की."

"या म्हातारीला घेऊन कुठं जाऊ? आणि तुझं?"

"आमचं दुपारी, सदाशिवनगरला."

तिने हिशेब केला. "म्हणजे दोघींचंही चुकलं." काटेवाडीची आठवण मी तिला काढून दिली नाही. तिला ती आलेली दिसत होती.

दादांनी ट्रकचा हॉर्न वाजवला तेव्हा दुपार कलली होती. निघताना ती ट्रकच्या पाटीकडे बघत राहिली आणि पेनाने हातावर माझ्या दिंडीचा नंबर लिहून घेतला. तिचा मी गोळ्यांच्या पाकिटावर लिहिला. "परवा डबा आण," ती म्हणाली. "मी शेंगदाण्याची चटणी आणते."

वेळापूर, तोंडले-बोंडले, वाखरी

वेळापूरला मी अर्धी चाल पायी केली, अर्धी ट्रकने. औषधाने ताप उतरला होता.

तोंडल्या-बोंडल्यात आमची भेट झाली नाही.

ठाकूरबुवांच्या समाधीपाशी गोल रिंगण झालं, ते मी पोटभर पाहिलं, आणि त्यात रथामागच्या दिंड्यांना उशीर झाला. आम्ही ओढ्याशी पोचलो तेव्हा सुमनची दिंडी पिराच्या कुरोलीच्या वाटेला लागली होती. झाडाखाली बसून डबा मी एकटीने खाल्ला. दोन भाकऱ्या उरल्या, त्या शेजारच्या दिंडीतल्या मुलाने संपवल्या. वाईट वाटायला हवं होतं, तितकं वाटलं नाही.

पुढे टप्पा नावाच्या ठिकाणी बंधुभेट. सोपानकाकांचा रथ आणि माऊलींचा रथ शेजारी आले, दोन्हीकडच्या मानकऱ्यांनी नारळ दिले-घेतले, गजर झाला, रथ सुटे झाले. सासवडपासून ज्याची वाट पाहिली ते काही मिनिटांत आटोपलं. माझ्या शेजारचे बाबा रडत होते. मला काही विचारायचं सुचलं नाही.

वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र. तिथे फोन लागणं बंदच होतं, पण आता नंबर होता. मी तुकोबांच्या तळाकडे जाऊन तिची दिंडी शोधून काढली. तंबूत तीच म्हातारी झोपली होती. "सुमन तुमच्याकडंच गेलीय की," ती म्हणाली.

पंढरपूर

एकादशीला दर्शनबारी गोपाळपूरच्या रस्त्यापर्यंत गेलेली. माझा पाय पाहता मी चंद्रभागेत स्नान केलं, नामदेव पायरीला डोकं टेकलं, कळसाचं दर्शन घेतलं आणि तेवढ्यावर समाधान मानलं. पुष्कळ वारकरी तेच करतात. द्वादशीला दिंडीत बारस सोडली, पंगतीत पुरणपोळी होती.

दुपारी फोन वाजला. सुमन एसटी स्टँडवर होती.

"अगं, परभणीची गाडी लागलीय. पौर्णिमेच्या काल्यापर्यंत थांबणार होते, पण म्हातारीला पोचवायचंय. आता कार्तिकीला आळंदीत?"

"कार्तिकीला नातवाची मुंज आहे."

"मग चैत्रात. थांब जरा," आणि मग कुणाला तरी, "ओ दादा, त्या खिडकीवर माझी पिशवी आहे, दिसत नाही का? निवृत्त शिक्षिका आहे मी, अर्धं तिकीट नको, पूर्ण काढलंय!"

पुढचं भांडण मी स्पीकर लावून दिंडीतल्या बायकांना ऐकवलं.